तिने पाठवलेल्या रील्स आणि त्याने वळवून ठेवलेली स्कूटर

लग्नाला पाच वर्षं झालेलं जोडपं. ती एकतीस वर्षांची, तो चौतीसचा. दोघंही नोकरी करणारे, मुलगी अडीच वर्षांची. ओळख पटू नये म्हणून वयं, नोकऱ्या आणि घरातल्या काही गोष्टी मी बदलल्या आहेत. दोघांचं वागणं-बोलणं मात्र बदललेलं नाही, कारण हे प्रकरण समजायचं तर तेच नीट पाहावं लागतं.

पहिल्या भेटीत ती म्हणाली, "तो वाईट नाहीये हो. पण त्याचं माझ्यावर प्रेम आहे, असं मला वाटतच नाही." तो शेजारीच बसला होता. जरा वेळाने म्हणाला, "मग मी दिवसभर जे करतो ते काय असतं?" त्यावर ती जे म्हणाली, ते विवाह समुपदेशनात मी कितीदा तरी ऐकलं आहे: "ते तर संसाराचं झालं. माझ्यासाठी काय?"

भांडणाला निमित्त झालं लग्नाच्या वाढदिवसाचं. त्याआधीचे काही आठवडे ती त्याला रोज एक-दोन रील्स पाठवत होती. कुणी बायकोच्या ऑफिसात अचानक फुलं घेऊन पोहोचलेला, कुणी तिचे डोळे झाकून तिला दिव्यांनी सजवलेल्या गच्चीवर नेणारा. तो प्रत्येक रीलवर अंगठा टेकवून पुढे जायचा. वाढदिवसाच्या दिवशी तो अर्धी रजा टाकून मुलीला लस द्यायला घेऊन गेला, कारण त्या दिवशी तिची महत्त्वाची मीटिंग होती. संध्याकाळी त्याने विचारलं, "बाहेर जायचं का?" ती "नको" म्हणाली. त्याने तो नकार खरा मानला आणि मुलीला झोपवायला गेला. ती रात्री उशिरापर्यंत बाहेरच्या खोलीत रील्स बघत बसली. मग आठवडाभर कामापुरतं बोलणं.

तिच्या दृष्टीने तो "नको" म्हणजे त्याची परीक्षा होती. त्याच्या दृष्टीने ते साधं उत्तर होतं. त्या एका शब्दाचे दोघांनी लावलेले अर्थ मला पहिल्याच दिवशी महत्त्वाचे वाटले, आणि पुढचं बरंचसं काम त्याभोवतीच झालं.

आधी काय तपासलं

अशा तक्रारीत "रील्स बघून बिघडली" असं म्हणून मोकळं होणं फार सोपं असतं. घरच्यांनी तिला तेच ऐकवलं होतं. पण प्रेम वाटत नाही असं जेव्हा कुणी सांगतं, तेव्हा त्यामागे दुसरंच काही असू शकतं. म्हणून दोघांना वेगवेगळं भेटून मी आधी ते पाहिलं. मारहाण, धमक्या, पैशांवरचा ताबा, भीती यातलं काही नव्हतं. तिसरी व्यक्ती नव्हती. बाळंतपणानंतरचं नैराश्य रेंगाळलेलं नाही ना, हेही पाहिलं. तिची झोप, भूक, कामातलं लक्ष आणि मुलीबरोबरचा आनंद हे सगळं जागेवर होतं. उदासी होती ती नवऱ्याशी जोडलेली होती आणि संध्याकाळनंतर वाढायची.

या तपासणीला फाटा देऊन जो कुणी बाईला अपेक्षा कमी करायला सांगतो, तो कधी ना कधी एखादीला अशा घरात परत पाठवतो जिथे तिची तक्रार शंभर टक्के खरी असते. त्याबद्दल पुढे लिहिलंच आहे.

रील्समध्ये नेमकं होतं काय

तिला मी जपून ठेवलेल्या रील्स दाखवायला सांगितल्या. ती आधी संकोचली, मग फोन पुढे केला. आम्ही एकेक रील थांबवून पाहिली, आणि दर वेळी मी एकच प्रश्न विचारला: यातल्या कुठल्या क्षणी तुम्हाला भरून येतं?

तिने बोट ठेवलं तो क्षण मला अपेक्षित नव्हता. फुलं, दिवे, दागिन्याची डबी यांच्यावर ती थांबतच नव्हती. ती थांबायची पुरुष चार लोकांसमोर बायकोबद्दल काही बोलतो तिथे. एका रीलमध्ये नवरा मित्रांच्या घोळक्यात उभा राहून सांगतो, की हिने माझ्या वाईट काळात घर सांभाळलं. मागे बायको तोंडावर हात धरून उभी. ही रील तिने पुन्हा पुन्हा पाहिली होती. दुसरीत नवरा फोनवर कुणाला तरी सांगत असतो, "थांब, तिला विचारून सांगतो, तिला जास्त कळतं." एवढंच. सजावट नाही, संगीतही फारसं नाही.

तिला थाटमाट हवा होता अशी तिची स्वतःचीसुद्धा समजूत होती. प्रत्यक्षात तिला हवं होतं ते चारचौघांत आपलं नाव अभिमानाने घेतलं जाणं. मुलगी लहान असताना रात्री जागून तिने खात्याची परीक्षा दिली होती आणि ती पासही झाली होती. त्याने घरी "छान" म्हटलं होतं, पण सासरच्या किंवा मित्रांच्या घोळक्यात त्याचा उल्लेख कधीच केला नव्हता. हे तिने त्याला कधी सांगितलं नव्हतं, आणि आमच्या त्या बैठकीआधी स्वतःशीही इतक्या स्पष्टपणे म्हटलं नव्हतं.

म्हणून मला वाटतं, रीलमधली इच्छा वरवरची म्हणून झटकू नये. रीलचा साचा खोटा असू शकतो, पण माणूस ज्या फ्रेमवर थांबतो तिथे त्याची खरी भूक असते. ती शोधून काढल्याशिवाय अपेक्षांबद्दल बोलणं वरवरचंच राहतं.

आता साच्याबद्दल. त्या रील्स आम्ही दुसऱ्यांदा पाहिल्या तेव्हा तिला मी विचारलं, की फोन कुणी आणि कधी लावून ठेवला असेल? दार उघडून बायको आत येते आणि चकित होते, पण कॅमेरा तर आधीपासून तिच्या चेहऱ्याकडे बघतोय. या प्रसंगात तिसरा डोळा आहे आणि प्रसंग त्याच्या सोयीने मांडलेला आहे. ती जोडपी खोटी आहेत असं मला म्हणायचं नव्हतं. कदाचित त्यांचं खूप प्रेम असेलही. पण कॅमेऱ्यात फक्त असंच प्रेम येऊ शकतं ज्याला सुरुवात आणि टोक आहे आणि जे अर्ध्या मिनिटात उमगतं. रात्री तीनला तापलेल्या पोरीला खांद्यावर घेऊन येरझाऱ्या घालणारा बाप त्यात मावत नाही, कारण त्या प्रेमाला टोक नसतं, ते नुसतं चालू असतं.

सिनेमातही काहीसं हेच होतं. तिथे प्रेम सिद्ध होतं ते अडथळा ओलांडून. घरचा विरोध, विमानतळावरची धावपळ, पावसात भिजून मागितलेली माफी. अडथळा जितका मोठा तितकं प्रेम मोठं, आणि दोघं एकत्र आले की गोष्ट संपली. पुढच्या पाच वर्षांसाठी फार तर एखादं गाणं. लग्नात अडथळाच नसतो, माणूस घरातच असतो. त्यामुळे सिनेमावर तयार झालेल्या मनाला प्रेमाचा पुरावा कुठे शोधायचा हेच कळत नाही. मग ते नकळत अडथळा तयार करतं. "नको" म्हणतं आणि बघतं, की तो ओलांडून येतो का.

आणखी एक गोष्ट तिची तिलाच सापडली. ती रील्स सर्वांत जास्त बघायची ती रुसव्यानंतर, रात्री. जी रील शेवटपर्यंत पाहिली, परत पाहिली, कुणाला पाठवली, तशाच रील्स पुढे ढकलल्या जातात. त्यामुळे ज्या रात्री तिला नवरा सर्वांत दूर वाटायचा, त्याच रात्री तिच्यासमोर शेकडो पुरुषांचे आयुष्यातले सर्वोत्तम क्षण ओळीने यायचे, आणि पलीकडच्या खोलीत तिचा नवरा मंगळवारच्या अवतारात झोपलेला असायचा. या तुलनेत कुणाचाही नवरा हरणारच.

त्याची बाजू, आणि दोघांत समान असलेली श्रद्धा

तो म्हणायचा, "मला ते नाटकी जमत नाही. प्रेम दाखवायचं नसतं." ऐकायला हे फार भारदस्त वाटतं, आणि घरातले वडीलधारे त्यावर माना डोलावतात. पण मी त्याला विचारलं, की तुम्ही करता ते तिला कळत असेल असं तुम्हाला कशावरून वाटतं? तो म्हणाला, "बायको आहे ती माझी. न सांगता कळायला पाहिजे."

तिने स्वतंत्र भेटीत अगदी हेच म्हटलं होतं, फक्त उलट बाजूने: "सांगून केलं तर त्याला काय अर्थ? प्रेम असेल तर त्याला न सांगता कळेल."

हा या प्रकरणाचा गाभा. वरवर पाहता ती स्वप्नाळू आणि तो व्यवहारी. खरं तर दोघांचा विश्वास एकाच गोष्टीवर होता, की प्रेम असेल तर मनातलं आपोआप कळतं. मानसशास्त्रज्ञ आयडेलसन आणि एप्स्टाइन यांनी 1982 मध्ये नात्याला घातक ठरणाऱ्या समजुती मोजण्याची एक प्रश्नावली तयार केली. तिच्यातल्या पाच समजुतींपैकी एक हीच आहे: जोडीदाराने मनातलं ओळखावं. अशा समजुती जितक्या पक्क्या, तितकं संसारातलं समाधान कमी, असं त्यांना आढळलं होतं.

त्याच्या समजुतीचं मूळही पडद्यावरच होतं, हे त्याला मान्य करायला वेळ लागला. तिच्यासाठी नायक म्हणजे सगळ्यांसमोर हात मागणारा. त्याच्यासाठी नायक म्हणजे गाजावाजा न करता झिजणारा, ज्याचा त्याग नायिकेला शेवटी कुठूनतरी समजतो आणि तिच्या डोळ्यांत पाणी येतं. तोही त्या शेवटच्या दृश्याची वाट बघत होता. पाच वर्षं ते आलं नाही म्हणून तोही आतून दुखावला होता. फक्त त्याची अपेक्षा साधेपणाच्या कपड्यात होती, म्हणून घरात कुणी तिला अपेक्षा म्हणत नव्हतं.

आणि त्याची चूक खरी होती, ती झाकून चालणार नाही. तिने पाठवलेली प्रत्येक रील ही साद होती. अमेरिकेत जॉन गॉटमन यांनी नवविवाहित जोडप्यांची निरीक्षणं केली आणि सहा वर्षांनी पुन्हा चौकशी केली. टिकलेल्या जोडप्यांत एकाने घातलेल्या लहानसहान सादेला दुसऱ्याने सुमारे 86 टक्के वेळा प्रतिसाद दिलेला होता, मोडलेल्यांत सुमारे 33 टक्के. "हे बघ ना" म्हणणं ही साद. सुस्कारा टाकणं हीसुद्धा. आमच्या या नवऱ्याला रील आली की तो आरोप वाचायचा: तू असा नाहीस. म्हणून तो अंगठा टेकवून सुटका करून घ्यायचा. तिला त्यातून कळायचं एवढंच, की हाक मारली तरी कुणी ओ देत नाही.

आठवड्याची यादी

मग मी एक काम दिलं. प्रत्येकाने दोन याद्या करायच्या: मी तिच्यासाठी किंवा त्याच्यासाठी काय केलं, आणि तिने किंवा त्याने माझ्यासाठी काय केलेलं माझ्या लक्षात आलं. एकमेकांना दाखवायच्या नाहीत, पुढच्या भेटीला घेऊन यायच्या.

यामागे एक जुना अभ्यास आहे. रॉबिन्सन आणि प्राइस या संशोधकांनी 1980 मध्ये जोडप्यांच्या घरी निरीक्षक पाठवले. निरीक्षकांनी जोडीदारांच्या प्रेमळ वागण्याची नोंद केली आणि ती जोडप्यांच्या स्वतःच्या नोंदींशी ताडून पाहिली. समाधानी जोडप्यांच्या नोंदी निरीक्षकांशी बऱ्यापैकी जुळल्या. असमाधानी जोडप्यांना मात्र निरीक्षकाने पाहिलेल्यांपैकी जवळपास निम्म्या गोष्टी दिसल्याच नव्हत्या. म्हणजे घरात माया होत होती, पण ती जिच्यासाठी किंवा ज्याच्यासाठी होत होती त्याच्यापर्यंत पोहोचत नव्हती.

इथेही तसंच निघालं. त्याच्या यादीत अठरा गोष्टी होत्या, त्यातल्या पाच तिच्या नोंदीत. तिच्या यादीत चौदा, त्यातल्या सहा त्याच्या नोंदीत. तिला वाटत होतं आपल्यालाच काही मिळत नाही. तिने त्याच्या वडिलांच्या औषधांची वेळ फोन करून सांभाळली होती, त्याच्या शर्टाचं तुटलेलं बटण लावून ठेवलं होतं, आणि ते त्याला दिसलं नव्हतं.

त्याच्या यादीतली एक ओळ वाचताना ती थांबली: "स्कूटर वळवून ठेवली." ती संध्याकाळी थकून येते आणि स्कूटर भिंतीकडे तोंड करून लावते. सकाळी घाईत ती मागे ओढून वळवावी लागते, जागा अरुंद आहे आणि तिचा उजवा खांदा दुखतो. तो रात्री कचरा टाकायला खाली जातो तेव्हा स्कूटर वळवून तिचं तोंड फाटकाकडे करतो. किती दिवस, असं मी विचारलं. "खांदा दुखायला लागला तेव्हापासून," तो म्हणाला. दीड वर्षं होऊन गेली होती. तिला वाटत होतं, स्वतःची गाडी काढायला अडचण होते म्हणून तो ती हलवतो.

ती रडली वगैरे नाही. उलट चिडली. म्हणाली, "मग एकदा तरी बोलायचं होतंस! मी दीड वर्षं असं समजत राहिले, की इथे माझ्या दुखण्याचं कुणाला पडलेलं नाही." मला तो राग योग्य वाटला. न सांगितलेली माया समोरच्याचा एकटेपणा कमी करत नाही. सांगितली असती तर त्या दीड वर्षातल्या कितीतरी रात्री वेगळ्या गेल्या असत्या.

इथे एक गुंतागुंत आहे आणि ती त्याच्या बाजूने सांगायला हवी. बोल्गर आणि सहकाऱ्यांनी 2000 मध्ये वकिलीच्या परीक्षेला बसणाऱ्यांचा आणि त्यांच्या जोडीदारांचा रोजच्या नोंदींवरून अभ्यास केला. जोडीदाराने मदत केली पण परीक्षार्थीच्या ती लक्षातही आली नाही, अशा वेळी ती सर्वांत जास्त लागू पडली. मदत मिळतेय हे जाणवलं, की आपण कमी पडतोय असंही जाणवतं. म्हणजे न दिसणाऱ्या मदतीत खरंच हळुवारपणा असतो. त्याने गुपचूप स्कूटर वळवणं हे काही आळशी प्रेम नव्हतं. पण ती मदत भार हलका करते, नात्याच्या खात्यात जमा होत नाही. संसाराला दोन्ही लागतं. काही गोष्टी बोलू नयेत, काही बोलाव्याच लागतात.

यादीचा पुढचा आठवडा बिघडला. हे बऱ्याच घरांत होतं. याद्या उघड झाल्या, की त्यांचा हिशोब होतो. तो काम करून तिच्याकडे बघायला लागला. ती म्हणाली, "आता काय, पावती देऊ?" हे लक्षण ओळखायला सोपं आहे: माणूस केलेल्या गोष्टी मोजतो, मिळालेल्या नाही. मग आम्ही पहिली यादी बंद केली. फक्त मिळालेलं लिहायचं, आणि दिवसातून एकदा त्यातली एक गोष्ट तोंडाने बोलायची, "थँक यू" इतकं मोघम नाही तर नेमकी. "सकाळी तू तिला घेऊन बाहेर गेलास म्हणून मला अर्धा तास झोप मिळाली." वाक्य असं असलं, की समोरच्याला कळतं की नेमकं काय लागू पडलं.

नक्कल केलेला थाट

मधल्या काळात त्याने एक गोष्ट स्वतःहून केली. तिच्या पाठवलेल्या रील्समधली एक निवडली आणि तशीच तिच्या ऑफिसात केली: फुलं, फुगे, सहकाऱ्यांना आधी सांगून ठेवलेलं, एका मैत्रिणीला व्हिडिओ काढायला लावलेला. तिने हसून फोटो काढले. रात्री म्हणाली, की मला काहीच वाटलं नाही, उलट अवघडल्यासारखं झालं. तो पार खचला. "तू मागितलंस तेच तर दिलं!"

पुढच्या भेटीत आम्ही यावरच बोललो. त्याने रीलचं बाहेरचं सगळं उचललं होतं. ज्या गोष्टीवर ती थांबायची, ती त्यात नव्हती. त्या ऑफिसात तो तिच्याबद्दल एक शब्दही बोलला नव्हता. फुलं कुठल्याही बायकोला देता आली असती. तिच्यासाठी केलेली गोष्ट आणि तिच्याबद्दल असलेली गोष्ट यांतला फरक त्याला तेव्हा कळला.

मग मी तिच्या "सांगून केलं तर काय अर्थ" याला हात घातला. ती नवऱ्याला काहीच सांगायला तयार नव्हती, कारण सांगितलं की ते तिचं मागणं ठरत होतं आणि त्याचं देणं उरत नव्हतं. मधला मार्ग असा काढला: भूक तिने सांगायची, रूप आणि वेळ त्याने ठरवायची. ती म्हणाली, "माझ्या कामाबद्दल तू लोकांसमोर कधी बोलत नाहीस." एवढंच. कधी, कुठे, कसं, हे तिने सांगितलं नाही. आश्चर्याला जागा राहिली आणि त्याला मनकवडा होण्याची गरजही उरली नाही.

महिनाभराने एका नातेवाइकांच्या घरी जमलेल्या मंडळींत कुणीतरी त्याला बढतीबद्दल विचारलं. तो म्हणाला, "माझं होईल तेव्हा होईल. हिने पोरगी सहा महिन्यांची असताना परीक्षा दिली, रात्री दोन-दोनपर्यंत बसायची. मला तर जमलं नसतं." आणि पुढे दुसऱ्याच विषयावर बोलायला लागला. ती स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, तिच्यावर कुणाचं लक्षही नव्हतं. मला ही गोष्ट तिने सांगितली, त्याने नाही. त्याच्या लेखी ती सांगण्यासारखी मोठी नव्हतीच.

साधेपणाच्या नावाखाली चालणारी हेळसांड

हे प्रकरण सांगितलं, की बरेच नवरे, आणि काही बायकासुद्धा, खुशीत मान हलवतात: बघा, रोजचं प्रेमच खरं. म्हणून हे लिहिणं भाग आहे. "आमचं प्रेम साधं आहे" या वाक्याखाली निव्वळ दुर्लक्षसुद्धा खपतं, आणि बाहेरून दोन्ही सारखीच दिसतात. मी ती वेगळी करायला तीन गोष्टी बघतो.

पहिली, ते रोजचं करणं समोरच्या माणसाला बघून बदलतं का. खांदा दुखायला लागला म्हणून स्कूटर वळू लागली, म्हणजे लक्ष होतं. पगार घरात देणं, दुरुस्त्या करणं या गोष्टी मोलाच्या आहेत, पण त्या बायको कुणीही असती तरी तशाच झाल्या असत्या, असं असेल तर तिची तक्रार खरी आहे. दुसरी, मागितल्यावर काय होतं. या नवऱ्याला वेळ लागला, जमलं नाही, नक्कल केली, चुकला, पण तो हलला. स्पष्ट शब्दांत सांगूनही वर्षानुवर्षं "मी असाच आहे" एवढंच उत्तर येत असेल, तर तिथे साधेपणा नाही, नकार आहे. तिसरी, साधेपणाचा भार कुणावर आहे. एकजण साधा राहतो आणि दुसऱ्याने सगळे वाढदिवस, आजारपणं, नातेवाईक, शाळा लक्षात ठेवायचं, हा साधेपणा नव्हे, सवलत आहे.

या तिन्ही ठिकाणी उत्तर वाईट असतं तर मी तिला माया बघायला शिकवलं नसतं. मग कामाचा रोख पूर्णपणे त्याच्याकडे गेला असता.

काय बदललं, काय राहिलं

शेवटच्या नियमित भेटीपर्यंत ती रील्स बघतच होती आणि तिने त्या सोडाव्यात असं मी सुचवलंही नव्हतं. बदल एवढाच, की रुसवा चालू असताना झोपण्याआधी बघायच्या नाहीत, असं तिने स्वतः ठरवलं, आणि ते बरंचसं पाळलं. ती रील पाठवते तेव्हा आता खाली एक ओळ लिहिते, की यातलं काय आवडलं. तो अंगठा न टेकवता काहीतरी लिहितो. कधी नुसतं "हा जरा जास्तच करतोय", पण त्यावर दोघं बोलतात. "नको"बद्दल त्यांनी ठरवलं, की नको म्हणजे नको. पुढे होणारा त्रास तिला जाणवला आणि तिने एकदा "नको" म्हणून दहा मिनिटांनी येऊन "खरं तर जायचंय" असं सांगितलं. तिच्यासाठी ते सोपं नव्हतं.

जे राहिलं तेही बरंच आहे. त्याला आखणी जमत नाही. तो वाढदिवस विसरत नाही, पण आधीपासून काही ठरवतही नाही, आणि तिला आधीपासून ठरवलेलं आवडतं, त्याची वाट बघण्यातला आनंद आवडतो. हा फरक स्वभावाचा आहे आणि तो दर वर्षी वर येणार, हे दोघांना मी स्पष्ट सांगितलं. तिला त्याचं वाईट वाटतं. ते वाटू नये असा प्रयत्न आम्ही केला नाही. हवी असलेली एक गोष्ट या माणसाकडून पूर्ण मिळणार नाही, हे दुःख खरं आहे, आणि ते समजावून घालवायचा प्रयत्न केला की ते रागाच्या वाटेने परत येतं. सध्याची सोय अशी, की एका वर्षी ती आखते आणि तो विनातक्रार सगळ्यात उतरतो, दुसऱ्या वर्षी तो त्याच्या पद्धतीने करतो आणि ती आधी काही सुचवत नाही. त्याच्या पाळीचं वर्ष अजून यायचं आहे. त्यानंतर महिनाभराने एक भेट ठरली आहे.